गडचिरोलीच्या त्या प्रयोगात बाळं उपचारामुळे वाचली, की गावंच वेगळी होती? कंट्रोल ग्रुप असा तपासा

वाशिंद, आसनगाव किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात येतात. बाळाचं वजन घेतात, अंग गरम आहे की गार ते पाहतात, दूध नीट ओढतंय का विचारतात. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा येतात. बाळंतपण घरीच झालं असेल, तर पहिल्या दिवसाची एक भेट आणखी वाढते. ही सरकारची 'घरच्या घरी नवजात बाळाची काळजी' योजना आहे. ती २०११ मध्ये देशभर सुरू झाली आणि तिचं मूळ महाराष्ट्रातच, गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या खेड्यांत केलेल्या प्रयोगाचा अहवाल डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता.

इतका मोठा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ६२ टक्के कमी, पण कुणाच्या तुलनेत? ज्या गावांशी तुलना केली ती गावं खरोखर तशीच होती का? औषध असो, लस असो की आशाताईंची भेट, कोणत्याही चाचणीच्या अहवालात सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा असतो. तो कसा तपासायचा, हे याच अहवालाचे आकडे घेऊन पाहू.

प्रयोग नेमका काय होता?

गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं सेवेसाठी आणि ४७ गावं तुलनेसाठी घेतली होती. दोन्हीकडची वस्ती साधारण ४० हजारांच्या घरात होती. १९९३ ते १९९५ ही पहिली दोन वर्षं दोन्हीकडे फक्त जन्म-मृत्यूंची नोंद झाली. त्यानंतर १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत टप्प्याटप्प्याने सेवा सुरू झाली. गावातली प्रशिक्षित आरोग्यसेविका घरी जाऊन बाळ पाहू लागली. जन्मताच श्वास न घेणारं बाळ, कमी वजनाचं बाळ, अंग गार पडणं, दूध न ओढणं, यावर काय करायचं ते तिला शिकवलं होतं. जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकं देण्याचं कामही तिच्याकडे होतं. तुलनेच्या ४७ गावांत ही सेवा नव्हती.

या ४७ गावांना अहवालाच्या भाषेत 'कंट्रोल ग्रुप' म्हणतात. सेवा मिळाली नसती तर त्या ३९ गावांत काय झालं असतं, हे कुणालाच पाहता येत नाही. कंट्रोल ग्रुप म्हणजे त्या न पाहिलेल्या परिस्थितीचा आरसा. आरसाच वाकडा असेल तर चेहरा कसाही दिसणार.

आरसा वाकडा कसा होतो?

शहापूर तालुक्यातलंच उदाहरण घ्या. समजा कुणी वाशिंद आणि आसनगावच्या आसपासच्या दहा गावांत नवी सेवा सुरू केली आणि तुलनेसाठी डोळखांबच्या पलीकडचे दहा पाडे घेतले. वर्षाने पाहिलं तर वाशिंदकडची बाळं कमी दगावलेली दिसतील. पण वाशिंदला रेल्वे स्टेशन आहे, जवळून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठता येतं. डोंगरातल्या पाड्यावरून पावसाळ्यातल्या रात्री बाळ घेऊन निघायचं तर मोठा रस्ता गाठण्यातच वेळ जातो. सेवा अगदी निरुपयोगी असली तरी आकडे तिचंच कौतुक करतील.

उलटही होऊ शकतं. जिथे गरज जास्त तिथेच सेवा द्यायची असं ठरवून दुर्गम पाडे सेवेला घेतले आणि स्टेशनजवळची गावं तुलनेला ठेवली, तर चांगली सेवाही फुकट गेल्यासारखी दिसेल. म्हणून अहवाल उघडल्यावर निष्कर्षाआधी 'पद्धत' हा भाग वाचायचा.

पायरी १: गावं कुणी आणि कशी निवडली?

यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. कुठलं गाव सेवेला जाणार हे नशिबावर सोडलं, तर रस्ता, शिक्षण, जमीन, दवाखान्याचं अंतर असे माहीत असलेले फरक दोन्हीकडे विखुरले जातात. आपल्याला सुचलेही नाहीत असे फरकसुद्धा विखुरतात. चिठ्ठीचं खरं मोल या न सुचलेल्या फरकांतच आहे.

गडचिरोलीच्या या प्रयोगात कोणती गावं सेवेला आणि कोणती तुलनेला, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. अहवालात ते लपवलेलंही नाही. शीर्षकात त्याला 'फिल्ड ट्रायल' म्हटलं आहे. यामुळे अहवाल बाद होत नाही, मात्र सिद्ध करण्याचा भार वाढतो. चिठ्ठी टाकली असती तर दोन्ही बाजू सारख्या असण्याचं कारण आधीच हातात असतं. ती नसेल तर सारखेपणा आकड्यांतून दाखवावा लागतो.

इथे एक शंका नेहमी मनात ठेवावी. सेवा चालवायला गावात शिकलेली, तयारीची, घरोघरी जाऊ शकणारी बाई लागते. अशी बाई ज्या गावात सापडते, ते गाव आधीपासूनच थोडं पुढचं असू शकतं. तुलनेच्या गावांना अशी चाळणी लागलेली नसेल, तर दोन्ही बाजूंत सुरुवातीलाच फरक शिरतो. ही शंका खरी की खोटी, ते पुढच्या पायरीवर कळतं.

पायरी २: सेवा सुरू होण्याआधी दोन्हीकडे काय परिस्थिती होती?

बहुतेक अहवालांत पहिला तक्ता याचसाठी असतो. दोन्ही गटांचं वय, शिक्षण, उत्पन्न, आजाराची तीव्रता शेजारी शेजारी मांडलेली असते. गडचिरोलीच्या अहवालात दोन्हीकडच्या लोकसंख्येची वैशिष्ट्यं सारखी असल्याचं म्हटलं आहे. पण त्याहून महत्त्वाचा एक आकडा दिला आहे. जी गोष्ट कमी करायची होती तीच गोष्ट, म्हणजे नवजात मृत्यू, आधीच्या दोन वर्षांत दोन्हीकडे किती होती ते मोजलेलं आहे. सेवेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं २८ दिवसांच्या आत दगावत होती, तर तुलनेच्या गावांत ५८.

तक्ता वाचताना इथेच नजर जायला हवी. शिक्षण, रस्ता, गरिबी यांचा बाळाच्या मृत्यूवर परिणाम होतो म्हणून आपण ते तपासतो. पण त्या सगळ्यांचा एकत्र परिणाम जिथे दिसतो तो आकडाच जवळपास सारखा असेल, तर शंका बरीच निवळते. सेवेची गावं 'आधीच पुढारलेली' असती, तर तिथला मृत्युदर आधीच कमी दिसला असता. इथे तो किंचित जास्त होता.

पण ६२ आणि ५८ हे सारखे म्हणायचे का?

याचं उत्तर कागद-पेन्सिलने काढता येतं. ४० हजारांच्या वस्तीत वर्षाला ढोबळमानाने हजार जन्म धरू. दोन वर्षांत दोन हजार. म्हणजे सेवेच्या गावांत सुमारे १२४ मृत्यू आणि तुलनेच्या गावांत सुमारे ११६. फरक ८ मृत्यूंचा.

अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने किती चढउतार होतो, याचा एक सोपा अंदाज आहे. दोन्ही संख्यांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. १२४ अधिक ११६ म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ साधारण १५. गावं हुबेहूब सारखी असती तरी १५ मृत्यूंचा फरक सहज पडू शकतो. मग ८ चा फरक काहीच नाही.

मात्र इथे एक फसगत होते आणि ती जाणकार वाचकांचीही होते. 'फरक दिसला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. योगायोगाची झाकण्याची मर्यादा आपल्या अंदाजाच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३० मृत्यूंपर्यंत धरतात. म्हणजे सेवेच्या गावांत मोजलेले मृत्यू ८ ने जास्त दिसत असले, तरी खरी परिस्थिती तिथे २२ ने कमी मृत्यूंची असूही शकते. दोन हजार जन्मांमागे २२ म्हणजे दर हजारी ११. प्रयोगाच्या विरोधात जाणारी सर्वांत वाईट शक्यता म्हणून हा ११ चा आकडा बाजूला लिहून ठेवू.

आता शेवट पाहा. सेवेच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांतला नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो होता तिथेच, ६० च्या आसपास राहिला. दोघांतलं अंतर सुमारे ३४ झालं. त्यातून वाईटात वाईट शक्यतेचे ११ वजा केले तरी २३ उरतात. सुरुवातीच्या न दिसलेल्या फरकाने एवढी मोठी दरी समजावता येत नाही.

हे गणित ढोबळ आहे हेही लक्षात ठेवायला हवं. एका गावातली बाळं एकमेकांपासून पूर्ण वेगळी नसतात. तेच पाणी, तीच दाई, तीच साथ. त्यामुळे योगायोगाचा पट्टा १५ पेक्षा थोडा रुंद धरावा लागतो. गावागावांवर केलेल्या चाचण्यांत बाळं किती हे पाहून भागत नाही, गावं किती हेही पाहावं लागतं. दोन्हीकडे मिळून दोनच गावं असती, तर हजारो बाळं मोजूनही निकालाला फारसा अर्थ उरला नसता. इथे ३९ आणि ४७ होती.

६२ टक्के आले कुठून?

६२ वरून २५.५ ही घट ५८.९ टक्क्यांची आहे. मग ६२.२ टक्के कसे? कारण त्याच काळात तुलनेच्या गावांत मृत्युदर तीनेक टक्के वाढला. सेवा नसती तर ३९ गावांतही तेवढीच वाढ झाली असती असं मानून ती घटीत मिळवली आहे. याला निव्वळ घट म्हणतात. गंमत अशी की अहवालातला ६२ टक्के हा आकडा आणि सुरुवातीचा ६२ हा मृत्युदर यांचा एकमेकांशी संबंध नाही. बातम्यांत आणि भाषणांत त्यांची सरमिसळ होते.

कंट्रोल ग्रुप नसता तर ५८.९ टक्के सरळ सेवेच्या नावावर गेले असते आणि कुणीही विचारलं असतं की त्या तीन वर्षांत पीकपाणी सुधारलं असेल, सरकारी दवाखाना चालू झाला असेल, मृत्यू आपोआप कमी झाले असतील. तुलनेच्या गावांत ते कमी झाले नाहीत, हे त्या शंकेचं उत्तर आहे.

पायरी ३: दोन्हीकडे मोजपट्टी एकच होती का?

गावं सारखी असली तरी मोजणी सारखी नसेल तर तुलना कोसळते. सेवेच्या गावात प्रत्येक बाळावर एका बाईचं लक्ष असतं. तुलनेच्या गावात दुसऱ्या दिवशी दगावलेलं बाळ कुणी नोंदवलंच नाही, असं होऊ शकतं. त्यामुळे तुलनेच्या गावात मृत्यू कमी दिसतील आणि सेवेचं यश झाकलं जाईल. पण उलटी भीती जास्त गंभीर आहे. सेवा देणाऱ्या बाईनेच मृत्यू नोंदवायचे असतील, तर आपल्या हातून गेलेलं बाळ 'मेलेलंच जन्मलं' असं लिहिण्याचा मोह होऊ शकतो. तसं लिहिलं की तो नवजात मृत्यू उरत नाही, मृत जन्म होतो आणि नवजात मृत्युदर कागदावर खाली येतो.

गडचिरोलीत दोन्हीकडचे जन्म-मृत्यू सेवा देणाऱ्या बायकांनी नोंदवले नाहीत. त्यासाठी वेगळे कार्यकर्ते होते आणि सेवेच्या व तुलनेच्या दोन्ही भागांत नोंदी त्यांनीच ठेवल्या. अहवालात हे एक वाक्य शोधायचं: परिणाम मोजणारा माणूस आणि उपचार करणारा माणूस वेगळे होते का?

आणि त्या वाक्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर आकड्यांतच एक पडताळणी दडलेली आहे. मृत जन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू मिळून जो दर होतो तो अहवालात वेगळा दिला आहे. नवजात मृत्यू नुसते 'मृत जन्म' या रकान्यात ढकलले असते, तर हा एकत्रित दर जागचा हलला नसता. प्रत्यक्षात तो ४७.८ वर आला, निव्वळ घट ७१ टक्के.

दुसरी शंकाही अशीच तपासता येते. बाळं वाचली नाहीत, फक्त २८ दिवसांच्या रेषेपलीकडे जाऊन दगावली, असं झालं असेल तर? मग वर्षाच्या आतला बालमृत्युदर कमी झाला नसता. तो ३८.८ वर आला, निव्वळ घट ४५.७ टक्के. घट नवजात मृत्यूंच्या घटीपेक्षा कमी आहे आणि ते साहजिक आहे, कारण सेवा पहिल्या महिन्याची होती. पण मृत्यू पुढे ढकलले गेले नाहीत, हे त्यातून दिसतं.

पायरी ४: मधेच कोण गेलं, कोण आलं?

सुरुवात सारखी असलेले गट प्रयोग चालू असताना वेगळे होऊ शकतात. शहापूर-मुरबाडच्या वाचकाला यासाठी दूर जायला नको. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. सासर सेवेच्या गावात आणि माहेर तुलनेच्या गावात असेल, तर बाळ कुठल्या गावाच्या नावावर धरायचं? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. त्यांच्या बाळांचं काय झालं हे गावात राहून कळत नाही आणि नेमकी हीच बाळं जास्त धोक्यात असतात. एका बाजूने अशी कुटुंबं जास्त गळली तर उरलेला गट आपोआप 'सुदृढ' दिसतो.

म्हणून अहवालात दोन गोष्टी पाहायच्या. बाळ कुठल्या गावाचं, हा नियम आधीच ठरला होता का आणि तो दोन्हीकडे सारखा लावला का? आणि शेवटपर्यंत ज्यांची माहिती मिळाली नाही ते किती आणि कुठल्या बाजूचे? व्यक्तींवरच्या औषध चाचणीत याच कारणाने 'सुरुवातीला ज्या गटात होता त्याच गटात मोजला' असं वाक्य असावं लागतं. औषध मधेच सोडणारे रुग्ण वगळून उरलेल्यांचीच तुलना केली, तर ती टिकून राहिलेल्यांची तुलना होते.

गडचिरोलीत तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतल्या ९३ टक्के नवजात बाळांपर्यंत घरची सेवा पोहोचली होती. मृत्युदर मात्र सेवा मिळालेल्या ९३ टक्क्यांचा काढलेला नाही, संपूर्ण भागाचा काढला आहे. हे बारीक वाटतं, पण फार महत्त्वाचं आहे. ज्या ७ टक्के बाळांपर्यंत सेविका पोहोचली नाही त्यांत जन्मल्यावर लगेच दगावलेली बाळंही असणार. ती वगळली असती तर यश फुगून दिसलं असतं.

त्याच अहवालातला कच्चा दुवा

एकाच अहवालातले सगळे आकडे सारख्या ताकदीचे नसतात. याच अहवालात म्हटलं आहे की नवजात बाळांतल्या जंतुसंसर्गात मृत्यूचं प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होतं, ते सेविकांच्या उपचारानंतर २.८ टक्के झालं. पहिला आकडा १६३ बाळांवरून आहे, म्हणजे २७ मृत्यू. दुसरा ७१ बाळांवरून, म्हणजे २ मृत्यू.

इथे तुलना कुणाशी आहे ते पाहा. तुलनेची ४७ गावं इथे नाहीत. तीच गावं, पण आधीची बाळं विरुद्ध नंतरची बाळं. या दोन गटांत औषधाशिवायही बरंच काही बदललेलं असू शकतं. नंतरच्या काळात सेविका सरावल्या होत्या, बाळांना उबेत ठेवलं जात होतं, दूध लवकर मिळत होतं. शिवाय सराव झाल्यावर आजार लवकर ओळखला जातो. सौम्य अवस्थेतलं बाळही 'जंतुसंसर्ग' या नावाखाली आलं, तर औषध न देताही मृत्यूची टक्केवारी खाली येते. आणि २ मृत्यू हा इतका छोटा आकडा आहे की आणखी चार बाळं दगावली असती तर २.८ चे ८.५ टक्के झाले असते.

याचा अर्थ औषधाने काम केलं नाही असा नाही. एवढाच की '१६.६ वरून २.८' हे वाक्य '६२.२ टक्के निव्वळ घट' या वाक्याइतकं भक्कम नाही, कारण त्याच्यामागे त्याच काळातला कंट्रोल ग्रुप नाही. एखाद्या औषधाच्या जाहिरातीत 'आधी-नंतर' असे आकडे दिसले तर हाच प्रश्न लावून पाहावा.

चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर?

तशा नंतर टाकल्या गेल्या, दुसरीकडे. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये आणि बांगलादेशातल्या सिलहटमध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांत गावांचे गट चिठ्ठीने पाडले होते. दोन्हींचे अहवाल २००८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. शिवगढमध्ये नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाले, सिलहटमध्ये ३४ टक्क्यांनी.

दिशा तीच, आकार लहान. यावरून गडचिरोलीचा कंट्रोल ग्रुप चुकला होता असं थेट म्हणता येत नाही, कारण सेवा एकसारखी नव्हती. शिवगढमध्ये भर घरातल्या सवयी बदलण्यावर होता. सेविका कशा निवडल्या, किती घरांपर्यंत पोहोचल्या, देखरेख किती होती, हे सगळं ठिकाणागणिक बदलतं. पण 'घरी जाऊन काळजी घेतल्याने बाळं वाचतात' हे विधान आता एकाच प्रयोगाच्या गावनिवडीवर टेकलेलं राहिलं नाही.

चिठ्ठीही जादू नाही. हरियाणात फरीदाबाद जिल्ह्यात नवजात बाळांच्या आणि बालकांच्या आजारांवरच्या सरकारी कार्यक्रमाची चाचणी झाली. तिचा अहवाल २०१२ मध्ये 'बीएमजे'त आला. त्यात एकूण गटच १८ होते. नऊ इकडे, नऊ तिकडे. नाणं हजार वेळा उडवलं तर छापा-काटा जवळपास बरोबरीत येतात, १८ वेळा उडवलं तर १२-६ सहज होतं. गट कमी असले की चिठ्ठी टाकूनही एका बाजूला अडचणीची गावं जास्त जाऊ शकतात. मग हिशेबात असे फरक लक्षात घेऊन निकाल दुरुस्त करावा लागतो आणि तसा तो त्या अहवालात केला आहे. म्हणून 'रँडमाइज्ड' हा शब्द दिसला की निर्धास्त होऊ नये. किती गट होते ते विचारावं.

मग गडचिरोलीचा कंट्रोल ग्रुप खरा होता का?

चिठ्ठ्या नव्हत्या, ही उणीव आहे. पण सुरुवातीचा मृत्युदर जवळपास सारखा होता, तोही दोन वर्षं मोजलेला. नोंद करणारे वेगळे होते आणि दोन्हीकडे सारखे होते. मृत जन्म आणि बालमृत्यू यांचे आकडे मुख्य निकालाशी जुळतात. आणि शेवटची दरी इतकी मोठी होती की सुरुवातीचा लपलेला फरक वाईटात वाईट धरला तरी ती भरत नाही. ६२.२ या आकड्यातल्या दशांशावर पैज लावू नये. घट खरी होती, हे मात्र मानायला भक्कम आधार आहे.

एक मर्यादा मात्र कंट्रोल ग्रुप कितीही चांगला असला तरी राहतेच. तेव्हा गडचिरोलीत बहुतेक बाळंतपणं घरी होत होती आणि जंतुसंसर्गावर सेविका स्वतः उपचार करत होती. आज शहापूर-मुरबाडमध्ये बरीच बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि आशाताई आजारी बाळ ओळखून पुढे पाठवतात. तेव्हाची ६२ टक्के घट आज इथे तशीच मिळेल असं तो अहवाल सांगत नाही. त्यासाठी आजच्या, इथल्या गावांशी तुलना करावी लागेल.

अहवाल हातात आला तर एवढं विचारा

• तुलनेचा गट चिठ्ठीने पडला की निवडून? चिठ्ठीने असेल तर गट किती होते?

• जी गोष्ट बदलायची होती, ती सुरुवातीला दोन्हीकडे मोजली होती का? किती होती?

• परिणाम मोजणारा आणि उपचार करणारा वेगळे होते का? दोन्हीकडे तोच मोजत होता का?

• शेवटी माहिती न मिळालेले किती, कुठल्या बाजूचे आणि त्यांना हिशेबात धरलं का?

• मोठ्या अक्षरातला आकडा त्याच काळातल्या कंट्रोल ग्रुपशी तुलना करून आला आहे, की फक्त 'आधी-नंतर' आहे?